आप्पांच्या फोनचं कुलूप: एका प्रतिक्रियेला उत्तर

निखिल यांची प्रतिक्रिया: "ताई, तुमचा लेख पटला नाही. म्हातारपणी माणूस जास्त फसतो, आणि तुम्ही वडिलांचा पासवर्डच काढून अंगठ्यावर काम चालवलंत. झोपलेल्या माणसाचा अंगठा कोणीही लावू शकतं. त्याऐवजी सोळा अक्षरी पासवर्ड आणि ओटीपी ठेवायला हवा होता. सोयीसाठी सुरक्षा सोडू नका. माझ्या आईलाही मी हेच लावून दिलंय."

निखिल, अंगठ्याबद्दलची शंका रास्त आहे, तिच्याकडे येतेच. आधी सोळा अक्षरी पासवर्डाचं आमच्या घरी काय झालं ते सांगते. तो मीच लावून दिला होता, अगदी तुमच्यासारखाच विचार करून.

आप्पांना एसेन्शियल ट्रेमर आहे. हात मांडीवर निवांत असतो तेव्हा ठीक असतो. बोट एखाद्या गोष्टीकडे नेलं की कापरं भरतं, म्हणजे नेमकं टाइप करतानाच. शिवाय मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, झिजल्यामुळे नजरेचा मधला भाग पुसट झालाय. ज्या अक्षरावर नजर रोखावी तेच दिसत नाही. आणि गेल्या दोन वर्षांत नवं काही लक्षात राहत नाही. अशा माणसाला सोळा अक्षरं दिल्यावर ती कागदावर आली आणि कागद फोनच्या कव्हरमध्ये गेला. मग एक दिवस मेल बंद पडेल अशी धमकी देणारी लिंक आली. उघडलेलं पान हुबेहूब खऱ्यासारखं होतं आणि आप्पांनी कागदावरून बघून, वीस मिनिटं खटपट करून, तो पासवर्ड तिथे भरला. पासवर्ड मजबूत होता आणि चोराला पूर्ण मिळाला. ओटीपी आल्यावर त्यांनी मला फोन केला म्हणून वाचलो.

म्हणून त्यांच्या गूगल खात्याला पासकी केली. myaccount.google.com वर सुरक्षेच्या भागात Passkeys and security keys असं लिहिलेलं असतं, तिथून ती होते. पासकीत भरायची अक्षरंच नसतात. फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते. साइट एक आव्हान पाठवते आणि फोन त्या किल्लीने त्यावर सही करून परत पाठवतो. सही करण्याआधी फोन तुमचा अंगठा किंवा पिन मागतो. ही किल्ली खऱ्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते. पान कितीही हुबेहूब असू दे, पत्ता वेगळा असला तर फोन किल्ली पुढे करतच नाही. पत्ता नीट वाचण्याचं काम आप्पांचे डोळे करू शकत नव्हते, ते आता फोन करतो. अंगठ्याचा ठसा तर साइटकडे जातच नाही.

यात एक मेख आहे आणि ती आधीच्या लेखात लिहायची राहिली, ही माझी चूक. पासकी केली तरी जुना पासवर्ड खात्यात तसाच जिवंत असतो. 'दुसऱ्या पद्धतीने लॉगिन' निवडून चोर त्या वाटेने येऊ शकतो. म्हणून मी तो बदलून लांबलचक, यंत्राने बनवलेला ठेवला. दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवली आणि गूगल देतं ते दहा बॅकअप कोड छापून पासवर्डासोबत पाकिटात घातले. पाकीट बंद करून कपाटात ठेवलं. आप्पांना तो पासवर्ड माहीतच नाही, त्यामुळे फोनवर कोणी कितीही गोड बोललं तरी ते सांगू शकत नाहीत.

आता अंगठा. झोपलेल्या माणसाचा अंगठा लावता येतो, हे खरं आहे. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाबद्दल शंका असेल तर ठसा ठेवूच नये, फक्त पिन ठेवावा. आमच्याकडे धोका दूरच्या भामट्यांकडून होता म्हणून ठसा ठेवला. पण तोही सुरळीत चालला नाही. वयानुसार कातडी कोरडी होते, रेषा पुसट होतात. त्यातून पडद्याखालचा सेन्सर हाताला जाणवत नाही, तो नजरेनेच शोधावा लागतो. आप्पांसाठी बाजूच्या बटणात सेन्सर असलेला फोन घेतला, तिथे बोट चाचपून पोचतं. नोंदणी करताना कोपर आणि मनगट टेबलावर टेकवलं, एकच अंगठा दोनदा वेगवेगळा म्हणून नोंदवला, शिवाय दुसऱ्या हाताचाही घेतला. बोटांना थोडं क्रीम चोळून काही मिनिटांनी केलं तर ठसा चांगला उमटतो. चेहऱ्याच्या कुलपाचा मोह मी टाळला. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते साध्या कॅमेऱ्यावर चालतं, त्याने पडदा उघडतो पण बँकेचं अॅप किंवा पासकी त्याला मानत नाही.

ठसा असला तरी पिन सुटत नाही. फोन बंद करून चालू केला की पिन लागतो, आणि अँड्रॉइड साधारण तीन दिवसांनी एकदा तो मागतोच. स्मरण कमी झालेल्या माणसासाठी खरी अडचण इथे आहे: रोज अंगठा लावणारा माणूस पिन विसरतो. आम्ही नवा आकडा पाठ करून घेतला नाही. आप्पांना नोकरीतल्या दिवसांचे कितीतरी फोन नंबर अजून तोंडपाठ आहेत. त्यातला एक सहा आकडी घेतला, जो आता अस्तित्वात नाही आणि आमच्या घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हता. जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर चालला नसता, तो चोर पहिल्यांदा वापरून बघतो. सहा आकडे कमी वाटतील, पण हा पिन फक्त त्या फोनवर चालतो आणि चुका होत गेल्या की फोन थांबायला लावतो. इंटरनेटवरून बसून कोणी लाखो आकडे लावून बघू शकत नाही.

तरीही पहिल्या आठवड्यात पिन चुकत होता आणि आप्पा म्हणायचे, "माझं डोकंच गेलंय." मी शेजारी बसून पडद्यावरचे ठिपके मोजले. सहाच्या जागी सात, कधी आठ. आकडा बरोबर आठवत होता, थरथरीने बोट दोनदा पडत होतं. ठिपके जास्त आले तर दोष हाताचा. बरोबर सहा येऊन चुकलं तर आकडा मोठ्याने विचारून बघायचं, शेजारचं बटण लागलंय की खरंच विसर पडलाय ते कळतं. सॅमसंगच्या फोनमध्ये Accessibility खाली Interaction and dexterity मध्ये Ignore repeated touches आहे. आयफोनमध्ये Touch Accommodations खाली Ignore Repeat. आप्पांच्या फोनमध्ये ही वेळ अर्धा सेकंद ठेवल्यावर दुहेरी आकडे थांबले. आकृती ओढायचं कुलूप मात्र अशा हातांना देऊ नका. बोट उचललं गेलं की रेघ तुटते.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांचा पासवर्ड तुम्हीच लावून दिलात, म्हणजे तो तुम्हालाही ठाऊक असणार. मेलपुरतं ठीक आहे, बँकेसाठी नको. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकाने स्वतःचे तपशील कोणाला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. मदत करायची असेल तर 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचं संयुक्त खातं उघडा आणि तुमचं लॉगिन वेगळं घ्या. आम्ही तसंच केलंय. त्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे असतात, मोठी रक्कम दुसरीकडे, जिथलं अॅप आप्पांच्या फोनवर नाही. कारण समोरच्याच्या बोलण्याला भुलून आप्पांनी स्वतःच्या अंगठ्याने पैसे पाठवले, तर त्यांना पासकीही अडवणार नाही आणि तुमचा सोळा अक्षरी पासवर्डही.