बरगडीखालची कळ

पळता पळता माणूस अचानक थांबतो, उजव्या हाताची बोटं बरगडीखाली खुपसतो आणि समोरच्या झाडाकडे टक लावून बघायला लागतो, तेव्हा त्याला वनस्पतिशास्त्राची गोडी लागलेली नसते. कुशीत कळ आलेली असते. पाय धडधाकट, दमही शिल्लक, बूट तर नवेकोरे. संप पुकारलाय तो फक्त बोटभर जागेने, आणि बहुतेकदा उजवीकडच्या. दुखणं इतकं नेमकं की थेट बोट ठेवून दाखवता येतं. पोटदुखीच्या खानदानात एवढा शिस्तीचा सदस्य दुसरा नसेल.

आरोपी म्हणून पहिल्यांदा पकडला जातो तो श्वासपटल नावाचा स्नायू. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमट. श्वास घेतला की तो आकसून खाली सपाट होतो, सोडला की सैलावून वर चढतो. पळताना त्याची ही ये-जा कित्येक पटींनी वाढते. त्यात त्याच्या खालच्या बाजूला दीड किलोच्या आसपासचं यकृत लटकलेलं. पाऊल आपटलं की यकृत खाली हिसडतं. नेमकी तीच वेळ श्वास सोडायची असेल तर पटल वर निघालेलं असतं. एकाच घरातली दोन माणसं एकच चादर दोन बाजूंनी ओढतायत, असा प्रकार. या ओढाताणीत स्नायू थकतो, त्याला रक्त कमी पडतं आणि पोटरीत येतो तसा पेटका येतो, असं हे स्पष्टीकरण.

यातली गंमत तालात आहे. बरेच जण नकळत दोन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर असं पळतात. चार ही सम संख्या, त्यामुळे उच्छ्वास सुरू होताना दर वेळी एकच पाय जमिनीवर आपटतो. तो उजवा असला तर सगळा मार यकृताच्या बाजूला. म्हणून तीन पावलं आत, दोन पावलं बाहेर असा ताल सुचवतात. पाच विषम असल्याने पाय आलटून पालटून येतो. पहिली पाच मिनिटं माणूस पळत नाही, पाढे म्हणतो, हा भाग वेगळा.

पण श्वासपटलाला फाशी द्यायची घाई नको. कळ सुरू असताना श्वासाची मोजणी केली, तर फुप्फुसाची ताकद घटलेली दिसली नाही. शिवाय घोड्यावर आणि उंटावर बसणाऱ्यांनाही ही कळ येते, आणि तिथे धापा टाकायचं काम जनावर करत असतं! त्यामुळे हल्ली जास्त संशय पोटाच्या आतल्या अस्तरावर आहे. भरलेलं पोट, हिसके आणि घर्षण यांनी ते चिडतं. काहींना त्याच वेळी खांद्याच्या टोकाशीही दुखतं. श्वासपटल आणि त्याखालचं अस्तर यांची नस मानेतून येते, आणि खांद्याची संवेदनाही मानेच्या त्याच भागातून. मेंदू पत्ता चुकतो. मग आपण खांद्याला मलम चोळतो: आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आता एक उदाहरण घ्या. सहाला पळायचं, सव्वापाचला पोटभर जेवण, आणि निघताना "ताकद येईल" म्हणून मोठा पेला गोड फळांचा रस. बाराव्या मिनिटाला कळ आली तर आश्चर्य कसलं? दाट गोड पेयं पोटात रेंगाळतात, साध्या पाण्यापेक्षा जास्त छळतात. अशा वेळी वेग कमी करून चालायला लागा. थोडं पुढे वाका, दुखऱ्या जागी बोटं खोल दाबा आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा. सोडताना पोट आवळून धरा. नंतरचा श्वास छाती न फुगवता पोटात घ्या. असे आठ-दहा श्वास झाले की बहुधा कळ उतरते. ओसरल्याबरोबर आधीच्याच वेगाने सुटलात, तर ती पुढच्या वळणावर पुन्हा भेटेल. पुढच्या वेळी जेवण दोन-तीन तास आधी आटोपा आणि पाणी गटागटा नको, घोट घोट.

थांबूनही कळ वाढतच राहिली, बसल्या जागी उठली, ताप-उलटी सोबत आली, किंवा दुखणं छातीत, हातात उतरलं, तर बोटं खुपसत बसू नका, डॉक्टर गाठा.

जोरदार कळ मात्र जाताना खूण ठेवते. दोन-तीन दिवस ती जागा हुळहुळी राहते. पळताना काही होत नाही, खोकताना जाणवतं, आणि कुणी विनोद केला की बरगडीला हात लावूनच हसावं लागतं.