वैयक्तिक काम

आमच्या कार्यालयात सध्या मला मूळव्याध आहे असे सर्वमान्य झालेले आहे, आणि ते केवळ मी खोटे बोललो नाही म्हणून.

गुरुवारी दुपारी तीन वाजता ऐरोलीला माझी मुलाखत होती. वागळे इस्टेटमधून ठाणे स्टेशन गाठून पुढे लोकल पकडायची, तर दीड वाजता निघणे भाग होते. म्हणून मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. आजारपणाची रजा मुद्दाम टाळली, कारण ती टाकली की आजार लेखी नोंदवला जातो आणि पुढे कोणी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर ती आणायची कोठून? रजेच्या अर्जात ‘कारण’ नावाचा एक चौकोन असतो आणि तो रिकामा ठेवून अर्ज पुढे सरकत नाही. त्यात मी ‘वैयक्तिक काम’ असे दोनच शब्द लिहिले. साहेबांनी सोमवारीच मंजुरी दिली. तीन दिवस आधी मागितलेल्या रजेची चौकशी होत नाही, चौकशी होते ती सकाळी नऊ वाजता फोन करून मागितलेल्या रजेची.

माझी चूक निराळीच होती. अर्धी रजा वाचवण्याच्या लोभाने मी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून सकाळी कामावर आलो. एरवी मी चेक्सचा शर्ट आणि सँडल यांत असतो. पूर्ण दिवसाची रजा घेतली असती, तर ते बूट फक्त ऐरोलीने पाहिले असते.

ते पाहिले आमच्या लेखा विभागातील ताईंनी. ताईंचे वय पन्नाशीच्या पुढचे, स्वभाव मायाळू, आणि दुसऱ्याच्या आयुष्यात ताळा न जुळलेली एकही नोंद त्यांना सहन होत नाही.

“आज अर्धा दिवस? कुठे रे?”

“थोडं वैयक्तिक काम आहे, ताई.”

“वैयक्तिक म्हणजे बँकेचं की डॉक्टरचं?”

“वैयक्तिकच.”

“बँकेचं असतं तर सांगितलं असतंस.” त्यांनी डबा बंद केला. “म्हणजे डॉक्टर. कशाचा?”

येथे ‘नळाचे काम आहे’ असे सांगून सुटता आले असते. परंतु नळाला प्लंबर लागतो, प्लंबरला दर लागतो, आणि ताईंच्या घरचा नळही गळत असतो. एका खोट्यामागे किती जणांचा परिवार उभा करावा लागतो, हे मी मागच्या नोकरीत एका आत्याला दोनदा इस्पितळात दाखल करून शिकलो आहे. म्हणून मी तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटले. सर्वांना एकच वाक्य सांगायचे आणि त्यात एकाही शब्दाची भर घालायची नाही, एवढाच माझा नियम होता. खरे कारण कोणा जवळच्या मित्रालाही सांगितले नव्हते, कारण चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलेली गोष्ट साहेबांपर्यंत पोहोचायला वेगळे तिकीट लागत नाही. आणि नोकरी मिळण्याआधीच ‘हा जाणार’ असा शिक्का बसला, तर पगारवाढीच्या यादीतून नाव आधी जाते.

“सांगत नाहीस म्हणजे सांगण्यासारखी जागा नसेल,” ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा खालचा आवाज तीन टेबलांपलीकडे ऐकू जातो. “सकाळपासून खुर्चीत चुळबुळतोयस, ते मी पाहतेय.”

मुलाखतीच्या काळजीने कोणीही चुळबुळतो! मी स्वच्छ शब्दांत म्हणालो, “ताई, मला मूळव्याध नाही.”

“मी कुठे नाव घेतलं?” ताई म्हणाल्या, आणि निकाल लागला.

शुक्रवारी त्यांनी माझ्यासाठी सुरणाची भाजी आणली. ती उत्तम होती, हे आणखी चीड आणणारे. साहेबांनी माझ्या खुर्चीवर ठेवायला कोठून तरी गोल उशी पाठवली. मला हसू येते, पण पूर्ण येत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने आमच्यासारख्या आस्थापनांत वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली आहे, आणि न वापरलेली वर्षअखेर बुडते. आपल्याच हक्काचा अर्धा दिवस घ्यायला माणसाला स्वतःचे पोट, दात किंवा त्याहून खालचे काही पुढे करावे लागते, आणि न केल्यास सहकारी ते प्रेमाने पुरवतात. वर मुलाखत घेणाऱ्यांनीही हसत विचारले, “आज तिकडे काय सांगून आलात?” मी म्हणालो, “वैयक्तिक काम.” त्यांनी ते कागदावर टिपून घेतले, का, ते त्यांनाच ठाऊक.

काल त्यांचा निरोप आला: दुसरी फेरी, मंगळवारी अकरा वाजता, प्रत्यक्ष. या वेळी मी पूर्ण दिवसाची रजा टाकली आणि चौकोनात तेच दोन शब्द लिहिले. ताईंनी रजेचा तक्ता पाहिला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“पुन्हा बोलावलंय का रे?”

खोटे तर बोलायचे नव्हते. “हो, ताई.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या, “म्हणजे ऑपरेशनच.”