तबला खेळता का हो?

शनिवारी माझ्याच फ्रेंचच्या वर्गात एका आजोबांनी मला फ्रेंच शिकवलं. त्यांना फ्रेंच येत नाही. मला येतं, आणि मी त्याचे पैसे घेते, म्हणून जरा जास्तच लागलं.

धडा छंदांचा. फळ्यावर पुस्तकातली चौकट उतरवलेली: खेळाला ‘जुए आ’, म्हणजे खेळणं; बाकी सगळ्याला ‘फेर द’, म्हणजे करणं. नातीला सोडायला आलेले आजोबा बाहेर पाऊस म्हणून मागच्या बाकावर टेकले होते. नात उठून ठसक्यात म्हणाली, “ज जू आ ला नातास्यों.” तिला म्हणायचं होतं, मी पोहते. मी म्हटलं, “चूक. ज फे द ला नातास्यों.”

“का हो मॅडम?” मागून आवाज.

“पोहण्याला फेर लागतं, आजोबा.”

“ते कळलं. पण का?”

“नियम आहे.”

“बँकेत काउंटरवर मीही हेच सांगायचो. कारण ठाऊक नसलं की.”

वर्ग खिदळला. मग मला कारण सांगणं भाग पडलं. फ्रेंच मुलं दुकान-दुकान खेळतात, त्याला ‘जुए आ ला मार्शांद’ म्हणतात. डॉक्टर-डॉक्टर खेळतात, ते ‘जुए ओ दॉक्तर’. पोहण्यात ना डाव, ना प्रतिस्पर्धी, त्यामुळे ‘जुए आ ला नातास्यों’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं...

“पोहणं-पोहणं खेळतेय! गादीवर पालथी पडून!” आजोबांनी बसल्या बसल्या दोन हात मारून दाखवले. “मग हे आधी सांगायचं ना. बरं, मी तबला वाजवतो. तो फेर?”

“नाही, जुए. पण पुढे ‘आ’ नाही, ‘द’. ज जू द्यू ताब्ला.”

“तबला खेळतात?”

“खेळणं आणि वाजवणं, दोन्हींना त्यांच्याकडे एकच क्रियापद आहे.”

“म्हणजे सगळा भार त्या बारक्या अक्षरावर. ‘आ’ आला तर खेळतोय, ‘द’ आला तर वाजवतोय. आणि मी टेनिसला तुमचं ते द्यू लावलं, तर?”

“ज जू द्यू तेनिस? टेनिस हे वाद्य आहे असं होईल.”

आजोबांनी छत्री आडवी धरून तिच्या तारा छेडल्या. त्यानंतर दहा मिनिटं माझ्याकडे कोणीही पाहत नव्हतं.

मला राग आजोबांचा नाही (थोडा आहे), त्या चौकटीचा आहे. पोरं ती पाठ करतात आणि पुढच्याच महिन्यात कुठल्यातरी व्हिडिओत फ्रेंच माणूस ‘ज फे द्यू तेनिस’ म्हणताना ऐकून माझ्याकडे संशयाने बघतात. तोही बरोबरच असतो. आपणही ‘मुलगी टेनिस खेळते’ आणि ‘मुलगी टेनिसला जाते’ असं दोन्ही म्हणतोच ना. नेमाने जाणं, शिकणं, अंगवळणी पाडणं, तिथे फेर. म्हणून पियानोचा क्लास लावलेला माणूस ‘फे द्यू पियानो’. पत्त्यांना मात्र जुएच: ‘जुए ओ कार्त’.

हे ‘ओ’ म्हणजे आणखी एक डोकेदुखी. फ्रेंच नामाआधी ‘ल’, ‘ला’ किंवा ‘ले’ असं शेपूट लागतं; ‘आ’ला त्यातला पुल्लिंगी ‘ल’ भेटला की दोघांचं मिळून ‘ओ’ होतं, आणि अनेकवचनी ‘ले’ भेटला तरी ‘ओ’च. लिहिताना दुसऱ्याच्या शेपटीला एक्स लागतो, जो उच्चारत नाहीत. बुद्धिबळ फ्रेंचमध्ये अनेकवचनी आहे, आणि पुढे स्वर आल्यामुळे तिथे तो मुका एक्स जागा होऊन ‘ओझेशेक’ होतो. पोरं एक्स विसरतात. गंमत म्हणजे हाच शब्द एकवचनात लिहिला तर त्याचा नेहमीचा अर्थ ‘अपयश’. पेपर तपासताना मला यात गंमत वाटत नाही.

शेवटी नकार शिकवला. ‘ज फे द ला नातास्यों’चं नकारात ‘ज न फे पा द नातास्यों’ होतं, ‘ला’ गळतो. ‘ज जू ओ तेनिस’चं ‘ज न जू पा ओ तेनिस’, तिथे काहीच गळत नाही. मी खडू ठेवला.

“आणि तबला?” आजोबा.

“द्यू तसंच राहतं. ज न जू पा द्यू ताब्ला.”

“पण द्यू म्हणजे ‘द’ अधिक ‘ल’ ना? मग पोहण्यातला ‘ला’ गळला, तसा तबल्यातला ‘ल’ का नाही गळत?”

“निय...” म्हणून मी जीभ चावली. फेरनंतरचं ‘द ला’ म्हणजे ‘थोडंफार’, एक माप. मुळात करतच नाही म्हटल्यावर माप कशाचं, म्हणून नुसतं ‘द’ उरतं. तबल्याआधीचा ‘द’ मापाचा नाही, तो क्रियापदाने स्वतःच आणलेला असतो, आणि त्याच्यामागचा ‘ल’ नकारातही जागचा हलत नाही.

आजोबांनी हे सगळं बँकेच्या जुन्या डायरीत उतरवून घेतलं. पाऊस कधीच थांबला होता.

“पुढच्या शनिवारी काय आहे?” त्यांनी विचारलं.

“भूतकाळ,” मी म्हटलं.

“येतो.”