डाएट कोल्ड्रिंक, आतड्यातले बॅक्टेरिया आणि तो फॉरवर्ड

"डाएट कोल्ड्रिंक साखरेपेक्षा घातक!! जिभेला गोड लागलं की मेंदू इन्सुलिन सोडतो, साखर पडते आणि दुप्पट भूक लागते. एका कॅनमध्ये आतड्यातले सगळे चांगले बॅक्टेरिया मरतात, इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कॅन्सर तर होतोच. त्यापेक्षा साधं कोल्ड्रिंक प्या, साखर निदान नैसर्गिक आहे. आपल्या माणसांना पाठवा."

पाठवलं ना आपल्या माणसांना, आमच्या मावशीलाही कोणीतरी पाठवलं. मावशीला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेते, आणि हे वाचून तिने डाएट बंद करून साधं सुरू केलं, म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर असले मेसेज मी वाचतही नाही.

आधी बॅक्टेरिया, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. "कृत्रिम स्वीटनर" असा एक पदार्थ नसतो, वेगवेगळी केमिकल्स असतात आणि प्रत्येकाचा पोटातला प्रवास वेगळा. डाएट कोलामध्ये बहुतेक वेळा अस्पार्टेम असतं आणि ते लहान आतड्यातच फुटतं, त्याची दोन अमिनो आम्लं आणि थोडं मिथेनॉल होतं आणि ते तिथेच शोषलं जातं. बॅक्टेरियांची मुख्य वस्ती मोठ्या आतड्यात, तिथपर्यंत अख्खं अस्पार्टेम पोचतच नाही. त्याच्या जोडीला बरेचदा एसेसल्फेम-के घालतात, ते रक्तात शोषलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं. सुक्रालोज मात्र उलटं, त्याचा मोठा भाग न शोषता थेट मोठ्या आतड्यात जातो. म्हणजे बॅक्टेरियांची काळजी असेल तर पहिला प्रश्न हाच की कॅनवर नाव कुठलं लिहिलंय, आणि फॉरवर्डमध्ये एकाही स्वीटनरचं नाव नाही!

आता ते इस्रायलचे शास्त्रज्ञ. ही माणसं खरी आहेत, वाइझमन इन्स्टिट्यूटची टीम, आणि त्यांचं काम चांगलंय, फक्त ते वाचायला हवं. 2014 मध्ये त्यांनी उंदरांना सॅकरिन दिलं आणि त्यांची साखर पचवायची क्षमता बिघडली. त्याच पेपरमध्ये माणसं होती फक्त 7, त्यातल्या 4 जणांना फरक पडला. फॉरवर्डमधलं "सिद्ध केलंय" हे बहुधा इथून आलंय. 2022 मध्ये त्यांनीच मोठा प्रयोग केला, 120 निरोगी माणसं, आणि निवडताना अट अशी की एरवी स्वीटनर खात नसावीत, हे नीट केलं कारण नाहीतर आधीच्या सवयीचा परिणाम मिसळला असता. सॅकरिन, सुक्रालोज, अस्पार्टेम आणि स्टीव्हिया असे चार गट, पाचव्याला नुसतं ग्लुकोज आणि सहाव्याला काहीच नाही. दोन आठवडे रोज पुड्या घ्यायच्या. स्वीटनरच्या पुड्यांमध्येही भराव म्हणून ग्लुकोजच होतं, म्हणून तर पाचवा गट ठेवला.

निकाल काय? सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटात ग्लुकोज प्यायल्यावर साखर पूर्वीपेक्षा जास्त चढायला लागली. अस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटात तसं ठळक काही दिसलं नाही. चारही गटांत बॅक्टेरियांच्या मेळात किंवा कामात बदल दिसला, अगदी "नैसर्गिक" म्हणून मिरवणाऱ्या स्टीव्हियानेसुद्धा, ते फॉरवर्डवाल्यांनी सोयीस्करपणे सोडून दिलं. पुढे त्यांनी काही लोकांचे बॅक्टेरिया जंतूविरहित उंदरांमध्ये टाकले, तर ज्यांची साखर जास्त बिघडली होती त्यांच्या बॅक्टेरियांनी उंदरांचीही बिघडवली. म्हणजे बॅक्टेरियांचा यात हात आहे, हे मला मान्य करावंच लागतं. पण बदल होणं आणि "सगळे मरणं" यात काही फरक आहे की नाही? आणि सगळ्यांना सारखा फरक पडलाही नाही. शिवाय हा प्रयोग दोन आठवड्यांचा, निरोगी लोकांवर आणि पुड्यांचा, त्यात ना डायबेटिसवाले होते ना कोल्ड्रिंक. 2021 मध्ये दुसऱ्या एका टीमने निरोगी माणसांना दोन आठवडे भरपूर सॅकरिन दिलं आणि त्यांना बॅक्टेरियांत किंवा साखरेत काहीच फरक सापडला नाही. प्रश्न अजून खुला आहे, एवढंच.

भुकेचं. इन्सुलिन मेंदू नाही, स्वादुपिंड सोडतं, इथूनच सुरुवात आहे. गोड चवीने क्षणभर थोडंसं सुटू शकतं, पण त्याने साखर धाडकन पडत नाही, आणि हे घरी ग्लुकोमीटरवर बघता येतं. हात धुवून उपाशीपोटी मोजा, मग डाएटचा कॅन प्या, दुसरं काही खाऊ नका, अर्ध्या तासाने आणि तासाने परत मोजा. आकडा पाच-दहाने इकडे तिकडे होईल, तेवढी चूक मीटरची असतेच. (इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा प्रयोग करत बसू नये.) जर आकडा चांगलाच चढला तर आधी लेबल बघा, "नो अॅडेड शुगर" लिहिलेल्या ज्यूसमध्ये फळाची साखर असतेच, तो डाएट नव्हे.

आता अर्धं खरं. 2025 मध्ये अमेरिकेत 75 तरुणांवर केलेला एक अभ्यास आला, त्यात सुक्रालोजचं पाणी प्यायल्यावर मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात, म्हणजे जिथून भुकेवर नियंत्रण चालतं तिथे, रक्तप्रवाह वाढला, आणि साखरेच्या पाण्यापेक्षा भूक जास्त लागली. फॉरवर्डवाले इथे उड्या मारतील. पण साध्या पाण्याशी तुलना केली तेव्हा भुकेत फरक नव्हता! साखरेच्या पाण्यात कॅलरी असतात, त्याने थोडं पोट भरतं, सुक्रालोजने भरत नाही, बाकी काय. ज्यांना डाएटनंतर गोड खावंसं वाटतं त्यांचं मी खोटं म्हणत नाही, त्यांनी पाणी प्यावं. ब्रिटनमध्ये वजन कमी करणाऱ्या जवळपास पाचशे लोकांना वर्षभर पाणी किंवा डाएट पेय दिलं होतं, तिथे डाएटवाल्यांचं वजन पाणीवाल्यांपेक्षा वाढलं नाही, उलट जरा जास्तच उतरलं. दुप्पट भूक लागत असती तर हे झालं नसतं.

कॅन्सरचं दोन ओळीत. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने अस्पार्टेम "कदाचित कॅन्सर करणारं" या गटात टाकलं, पुरावा मर्यादित म्हणून, आणि त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाची मर्यादा किलोमागे 40 मिलीग्रॅम तशीच ठेवली. 70 किलोच्या माणसाने ती ओलांडायला रोज 9 ते 14 कॅन प्यावे लागतील. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करायला स्वीटनर वापरू नका असंही सांगितलं, हो, ते खरंय, पण डायबेटिस असलेल्यांना ती शिफारस लागू नाही हे त्यातच लिहिलंय.

आणि शेवटचं वाक्य, "साधं प्या", याचाच मला खरा राग आहे. 330 मिलीच्या साध्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, आणि पातळ असल्यामुळे ती भराभर रक्तात जाते. "नैसर्गिक" म्हटल्याने मावशीच्या मीटरवरचा आकडा खाली येत नाही.

साध्याची एकच वेळ असते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर 70 च्या खाली गेली, हातपाय थरथरतायत, घाम फुटलाय, तेव्हा साधं कोल्ड्रिंक साधारण 150 मिली द्यायचं, म्हणजे 15 ग्रॅम साखर जाते, आणि 15 मिनिटांनी परत मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट अँब्युलन्स. साखर पडलेली असताना डाएट दिलं तर ती वर येणारच नाही. म्हणून मावशीच्या घरात दोन्ही ठेवलेत, साध्याच्या कॅनवर मार्करने "फक्त साखर पडली तर" असं लिहिलंय.