लट टाकून ब्राइटनेस ओढला की कलर होत नाही

“भाऊ, S-Log3 मध्ये दोन स्टॉप ओव्हर शूट करायचं, एडिटला सोनीचा कोणताही फुकट लट टाकायचा आणि मग ब्राइटनेस खाली ओढायचा. कलरिस्टला पैसे कशाला?”

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. लट म्हणजे LUT, फिक्या फुटेजला एका झटक्यात रंग आणि कॉन्ट्रास्ट देणारा तयार तक्ता. ओव्हर शूट करायला, म्हणजे मुद्दाम जास्त उजेड घ्यायला, माझी ना नाही. S-Log3 या सोनीच्या फिक्या, सपाट लॉग रेकॉर्डिंगमध्ये सावलीत नॉइज लवकर दिसतो, त्यामुळे थोडं जास्त एक्सपोज करणं शहाणपणाचंच. घोळ आहे तो क्रमात.

लक्ष्मी रोडवर भर दुपारी ढोल पथकाचा शॉट घेतलाय असं धरा: पांढरे कुर्ते, भगवे फेटे. एक्सपोजर बरोबर असेल तर पांढरा कपडा वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, 61 टक्क्यांच्या आसपास बसतो. दोन स्टॉप ओव्हर केलं की तो 79 च्या जवळ जातो. बहुतेक कॅमेऱ्यांत S-Log3 साधारण 94 ला क्लिप होतो, म्हणजे कुर्त्याच्या चुण्या अजून शाबूत आहेत. पण तुम्ही मुद्दाम ओव्हर केलंय हे लटला कुठून कळणार? तो कुर्ता त्याला भगभगीत उजेड वाटतो आणि तो त्याला 100 च्या छताला नेऊन चेपतो. मागाहून ब्राइटनेस ओढला की ती सपाट पट्टी तशीच खाली येते. कुर्ता राखाडी होतो, चुण्या काही परत येत नाहीत. वेव्हफॉर्मवर हे लगेच दिसतं.

म्हणून आधी एक्सपोजर, मग लट. रिझॉल्व्हमध्ये लट शेवटच्या नोडवर ठेवा आणि त्याच्या आधीच्या नोडवर Offset खाली घ्या. लॉगमध्ये स्टॉप जवळपास सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे दोन स्टॉपसाठी 10 बिटमध्ये सगळंच साधारण 154 कोड खाली सरकतं आणि कुर्ता 61 वर येतो. अगदी गडद भागात हे अंतर सारखं राहत नाही, म्हणून काळे जास्त दबतात; ते हलक्या हाताने उचलावे लागतात. प्रीमियरवाल्यांची गोची वेगळी. तिथे Input LUT हा Basic Correction च्या स्लायडरच्या आधी लागतो, म्हणजे लट तिथे टाकून सुरुवातीचा ‘भाऊ’वाला सल्ला तंतोतंत पाळला तर नुकसान ठरलेलंच. लट Creative मधल्या Look मध्ये टाका.

आता ‘कोणताही’ लट. कॅमेऱ्यात S-Gamut3 ही कलर स्पेस आणि लट S-Gamut3.Cine या दुसऱ्या कलर स्पेसचा, अशी जोडी जमली तर फेट्याचा भगवा आणि गुलाल दोन्ही फिके पडतात. मग पोरं सॅच्युरेशन वाढवतात आणि चेहरे लालभडक होतात. शूटच्या वेळी कॅमेऱ्यात काय सेट होतं ते लिहून ठेवायला एक मिनिट लागतं.

डिलिव्हरीचं थोडक्यात: Rec.709 ची फाइल मॅकच्या क्विकटाइममध्ये फिकी दिसली म्हणून ग्रेडमध्ये कॉन्ट्रास्ट चढवू नका. बऱ्याचदा तो प्लेअरने गॅमा टॅग वाचण्यातला फरक असतो, आणि कॉन्ट्रास्ट चढवलेली तीच फाइल क्लायंटच्या टीव्हीवर काळवंडते. आधी एक्सपोर्ट पुन्हा टाइमलाइनवर आणून मूळ शॉटशेजारी ठेवून स्कोपवर बघा.