‘फळ’ किती बारकाईने लिहावे?

बोललेला उच्चार चिन्हांत उतरवणे म्हणजे लिप्यंकन: कानाला जाणवणारा प्रत्येक बारकावा टिपला तर ते सूक्ष्म, अर्थ बदलणारे भेद तेवढेच टिपले तर स्थूल. या दोहोंविषयी एक मत असे आहे:

“खरी शास्त्रीय नोंद म्हणजे सूक्ष्म लिप्यंकन. स्थूल लिप्यंकन हा आळस आहे. जितकी चिन्हे जास्त, तितकी नोंद अचूक. त्यामुळे क्षेत्रकार्याच्या वहीत आणि शब्दकोशात, दोन्हीकडे सूक्ष्मच हवे. मराठीपुरते म्हणाल तर देवनागरी हेच आपले तयार स्थूल लिप्यंकन आहे.”

आधी चिन्हांच्या संख्येविषयी. इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यांनी 1877 मध्ये हा भेद मांडला, तेव्हा त्यात चिन्हे मोजण्याचा प्रश्न नव्हता. त्या भाषेत अर्थ बदलणारे भेद तेवढेच लिहायचे की कानाला जाणवणारे सगळे, असा तो प्रश्न होता. इंग्रजीतला ‘पिन’ हा शब्द घ्या. त्यातला प सुटताना हवेचा झोत येतो, ‘स्पिन’मध्ये येत नाही, पण त्या झोतावर इंग्रजीत कोणताही अर्थ अवलंबून नसल्याने कोशात /pɪn/ एवढेच लिहितात आणि झोत दाखवायचाच असेल तर चौकटी कंसात [pʰɪn] असे लिहितात. मराठीत मात्र तोच झोत ‘पळ’ आणि ‘फळ’ यांना वेगळे करतो, म्हणून अगदी स्थूल लेखनातही तो वगळता येत नाही. एकच खूण एका भाषेत सूक्ष्म आणि दुसरीत स्थूल ठरते.

आळसाचा आरोप तर उलटा आहे. कोणता भेद सोडून द्यायचा हे ठरवायला त्या भाषेची ध्वनिव्यवस्था आधी उलगडलेली असावी लागते, आणि ते काम वहीत झालेले असते. अनोळखी बोलीत पहिल्या दिवसांत काय अर्थभेदक आहे हे माहीतच नसते, म्हणून तेव्हा शक्य तितके बारकाईने लिहावे हे मलाही मान्य आहे. पण पूर्ण कथा त्याच बारकाईने उतरवायला बसलात तर काम संपणार नाही आणि नोंदही एकसारखी राहणार नाही. ही अडचण तपासणे सोपे आहे: आठवड्याने जुनी नोंद झाकून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लिहून पाहावे. ज्या खुणा दोन्ही वेळा जुळत नाहीत, त्या भाषकाच्या तोंडातल्या कमी आणि आपल्या कानातल्या जास्त असतात. म्हणून ध्वनिव्यवस्थेची घडी बसली की कथा स्थूल लेखनात उतरवावी, आणि जो ध्वनी अजून संशयात आहे तेवढाच सूक्ष्म लिहावा.

आता ‘फळ’ या एका शब्दावर दोन्हीकडचा फरक पाहू. समजा, एकाच घरातली आजी ओठ मिटून [pʰəɭ] म्हणते, तर नात खालचा ओठ दातांना टेकवून [fəɭ] म्हणते. हा फरक आज मराठीत सर्रास ऐकू येतो. वहीत दोन्ही नोंदी वेगळ्या हव्यात, शेजारी भाषकाचे वय आणि ध्वनिमुद्रणातली वेळ हवी. दोघींपुढे /pʰəɭ/ लिहिले, तर बदल घडत असल्याचा पुरावाच आपण पुसला असे होईल. कोशात मात्र /pʰəɭ/ हेच योग्य, कारण तिथली नोंद कुणा एकीच्या एका उच्चाराची नसते, ती शब्दाची असते. तिथे [fəɭ] छापले तर आजीचा उच्चार चुकीचा ठरतो, दोन्ही छापले तर फ असलेल्या प्रत्येक शब्दापुढे तीच पुनरुक्ती करावी लागते. जे एका वाक्यात प्रस्तावनेत सांगता येते, ते हजार नोंदींत विखुरण्यात काय अचूकता? बोलीभेदांचा कोश असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हा फरक हाच विषय असतो.

राहिली देवनागरी. ‘सारे जग’ यातला ज आणि ‘सुखाने जग’ यातला ज मोठ्याने म्हणून पाहा: पहिल्यात जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. अर्थ बदलतो आहे, म्हणजे स्थूल लेखनाने हा भेद दाखवलाच पाहिजे, पण आपली लिपी तो दाखवत नाही. ‘चार माणसे’ आणि ‘गुरांना चार’ यांतल्या च ची हीच कथा. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद ती काटेकोरपणे दाखवते, जो बहुतेकांच्या बोलण्यात उरलेला नाही. ती लेखनपद्धती आहे, लिप्यंकन नव्हे. (शुद्धलेखनाच्या वहीवर लाल शाई सांडलेल्या कुणालाही ‘बोलतो तसे लिहितो’ हे पटू नये!) तरीही मराठी कोशाने देवनागरी सोडण्याचे कारण नाही. दंतमूलीय उच्चाराच्या च, ज, झ खाली नुक्ता दिला, म्हणजे ‘सुखाने ज़ग’ असे छापले, आणि त्या नुक्त्याचा अर्थ प्रस्तावनेत सांगितला की हा भेद नोंदीत उतरतो.