बीकॉमवाल्यांना कोर्स विकताना जाहिरातीत काम दाखवा

ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातीतलं '१००% जॉब गॅरंटी' हे वाक्य आधी खोडा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला मनाई आहे. शिवाय वर्षभर बायोडेटा पाठवून थकलेल्या मुलाचा या वाक्यावर काडीचा विश्वास उरलेला नसतो.

समजा, बीकॉम झालेल्यांसाठी एक्सेल आणि जीएसटीचा कोर्स आहे आणि जाहिरात ४५ सेकंदांची आहे. सावकाश मराठीत सेकंदाला दोनेक शब्द बसतात. पण स्क्रीनवरचं काम बघायला शांत जागा हवी, म्हणून संहिता ७० शब्दांच्या आत ठेवा.

यूट्यूबवर ५ सेकंदांनी स्किपचं बटण येतं. तोवर संस्थेचा लोगो फिरवत बसलात तर संपलं. पहिलं वाक्य थेट असावं: "बीकॉम झालंय? मुलाखतीत विचारलं, टू-बी जुळवता येतं का?" टू-बी म्हणजे GSTR-2B, पुरवठादारांनी भरलेल्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारी खरेदीची यादी.

पुढची २० सेकंदं पुराव्याची. मागच्या बॅचमधली मुलगी स्क्रीनवर खरेदीची नोंदवही आणि GSTR-2B शेजारी-शेजारी उघडते आणि फॉर्म्युला लावते. तीन बिलं जुळत नाहीत. एका पुरवठादाराने रिटर्नच भरलेलं नाही, एका बिलाच्या नंबरात डॅश राहून गेलाय, एकात कराची रक्कम चुकली आहे. ती हे बोलून दाखवते. अकाउंटंट दर महिन्याला हेच करतो, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे नेमकं काय शिकवतात. "सर खूप छान शिकवतात" याने ते कळत नाही. डेटा मात्र बनवलेला वापरा, खऱ्या व्यापाऱ्याचा नको. निवड झालेल्याचं नाव किंवा फोटो दाखवायचा तर निवडीनंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते.

मग आकडा, आणि तो पूर्ण: उदाहरणार्थ, ६० जणांनी प्रवेश घेतला, ४१ जणांनी कोर्स पूर्ण केला, २३ जणांना सहा महिन्यांत नोकरी लागली. नुसतं "२३ जणांना नोकरी" म्हटलं की कितीपैकी, हा प्रश्न मनात राहतोच. आकडा लहान असला तरी पूर्णच सांगावा, असं माझं ठाम मत आहे. फेसबुकवर बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून हे सगळं मोठ्या अक्षरांत स्क्रीनवरही लिहा.

जाहिरातीच्या शेवटी बघणाऱ्याला एकच गोष्ट करायला सांगा. "फोन करा, लिंक बघा, आजच प्रवेश घ्या" असं तिन्ही म्हटलं की माणूस काहीच करत नाही. "व्हॉट्सअ‍ॅपवर 'सराव' लिहा, हीच फाइल आणि २० मिनिटांचा धडा मोफत मिळेल" एवढंच म्हणा आणि खाली फी लिहा. फी लपवली की चौकश्यांचा पूर येतो आणि आकडा ऐकून सगळे गप्प होतात.

आठवड्याने आकडे बघा. लोक पाच सेकंदांतच सुटत असतील तर पहिलं वाक्य बदला. शेवटपर्यंत बघूनही मेसेज येत नसतील तर मागणं जड झालंय. मेसेज येऊन प्रवेश होत नसतील तर तुमचं पहिलं उत्तर तपासा: त्यात फाइल गेली पाहिजे, "आमचे काउन्सेलर कॉल करतील" हे नाही.